कागद खरे, तरी अर्ज फेटाळला!

लायसन्स खिशात आहे, विमा भरलेला आहे, नाक्यावर पोलिसांनी अडवलं तर दाखवायला सगळं आहे. तरीही डिलिव्हरीच्या ॲपवर नाव नोंदवताना लाल अक्षरांत उत्तर येतं: Document expired. पुन्हा फोटो काढून पाठवला तरी उत्तर तेच. अशा वेळी बहुतेकांना वाटतं की फोटो नीट आला नसावा. पण पुष्कळदा फोटो बरा असतो, गोंधळ तारखेचा असतो.

नाशिकमधला एक तरुण डोळ्यांसमोर आणू. त्याने 12 सप्टेंबर 2023 रोजी नवी दुचाकी घेतली. त्या दिवशी शोरूममध्ये मिळालेल्या पॉलिसीत खरं तर दोन विमे एकत्र बांधलेले असतात. दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा, म्हणजे थर्ड पार्टी विमा, नव्या दुचाकीसाठी एकदम 5 वर्षांचा घ्यावा लागतो. तो 11 सप्टेंबर 2028 पर्यंत चालेल. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ओन डॅमेज, बहुधा एकाच वर्षाचा असतो आणि तो 11 सप्टेंबर 2024 लाच संपला. कायद्याने सक्ती फक्त थर्ड पार्टीची आहे, त्यामुळे रस्त्यावर त्याची गाडी नियमात बसते. ॲपच्या नजरेला मात्र आधी 2024 ची तारीख पडली, तर अर्ज परत येणारच.

अशा पॉलिसीचा अर्धाच भाग टिपलेला फोटो पाठवू नये. विमा कंपनीकडून मेलवर आलेली पीडीएफ असेल आणि ॲप ती स्वीकारत असेल, तर तीच द्यावी. मुदतीची तारीख हाताने टाकायची असल्यास थर्ड पार्टीची टाकावी. तरीही नकार आला, तर ॲपच्या मदत विभागात दोन्ही तारखा वेगळ्या करून लिहाव्यात, म्हणजे तपासणारा माणूस नेमकं तिथेच पाहील. ओन डॅमेज नंतर वेगळा काढला असेल तर हातात दोन पॉलिस्या असतात. अशा वेळी केवळ नवी पाठवून भागत नाही, थर्ड पार्टीचा उल्लेख असलेली जुनी पॉलिसीही जोडावी लागते.

लायसन्सवरही मुदतीच्या दोन जागा असतात: NT आणि TR. पहिली खासगी वाहनासाठी, दुसरी व्यावसायिक वाहनासाठी. दुचाकीवर डिलिव्हरी करणाऱ्या अनेकांच्या कार्डावर TR ची जागा रिकामीच असते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. टॅक्सी चालवून मग डिलिव्हरीकडे वळलेल्याची गोष्ट वेगळी. त्याची TR संपलेली आणि NT चालू असू शकते, आणि नोंदणी करताना संपलेलीच तारीख उचलली जाते.

हे का होतं? फोटोतली अक्षरं बहुधा आधी संगणक वाचतो. लायसन्सचा तपशील सरकारच्या ‘सारथी’ नोंदींशी आणि गाडीचा ‘वाहन’ नोंदींशी पडताळला जाऊ शकतो. शंका आली तरच प्रकरण माणसाकडे जातं. मग नावाचा घोळ सुरू होतो. आपल्याकडे आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सरळ छापलेलं असतं, तर लायसन्सवर कधी आडनाव आधी आणि वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. आपल्याला हे एकच नाव वाटतं, संगणकाला दोन माणसं दिसतात. जुन्या लायसन्सची नोंद ऑनलाइन चढलेलीच नसेल, तर फोटो कितीही सुंदर काढा, फरक पडत नाही. parivahan.gov.in वर स्वतःचा तपशील आधी पाहावा. तो सापडला नाही, तर दुरुस्ती आरटीओतच होईल.

राहिला फोटो. प्लॅस्टिकच्या पाकिटातलं कार्ड ट्यूबलाइटखाली टिपलं की चकाकी बरोबर तारखेवर पडते. पाकिटातून काढून, गडद पृष्ठभागावर ठेवून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून फोटो घ्यावा. चारही कोपरे चौकटीत हवेत आणि मागची बाजूही हवी, कारण गाडीचे प्रकार तिथे असू शकतात. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो आकाराने दाबला जातो आणि 8 चा 3 होतो. डिजिलॉकरमधलं लायसन्स पोलिसांना चालतं. काही ॲपना मात्र मूळ कार्डाचाच फोटो लागतो, आणि याचं नवल वाटलं तरी नियम त्यांचे.

संपलेली तारीख फोटोत खोडून बदलून देणारेही भेटतात. त्यांना पैसे देऊ नका: ती बनावट कागदपत्रं ठरतात आणि खातं कायमचं बंद होऊ शकतं. लायसन्सची मुदत खरोखरच संपली असेल तर ते नूतनीकरणाला टाका. मुदत संपून एक वर्ष उलटलं, तर चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते.