नाकावरून उतरलेली हिरवी रेघ

आंरी मातीस या फ्रेंच चित्रकाराने १९०५ साली आपल्या पत्नीचं, आमेलीचं, एक छोटं व्यक्तिचित्र रंगवलं. उंची साधारण ४० सेंटिमीटर, रुंदी ३२. चेहरा समोरून दिसतो. केस निळसर काळे, वर बांधलेले. एक गाल पिवळसर, दुसरा गुलाबी. आणि या दोन गालांच्या मधून, कपाळापासून नाकावरून थेट हनुवटीपर्यंत, एक जाड हिरवा पट्टा खाली उतरतो. मागची भिंतही एका रंगाची नाही; एकीकडे हिरवी, दुसरीकडे वर जांभळी आणि खाली शेंदरी. ‘हिरवी रेघ’ याच नावाने हे चित्र ओळखलं जातं. आज ते कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे.

कुणाच्याही नाकावर हिरवा पट्टा नसतो. तरीही या चित्रातली बाई विद्रूप दिसत नाही. तिच्या नजरेत करारीपणा आहे, नाक उठावदार आहे, चेहऱ्याला गोलाई आहे. हे कसं साधलं, ते समजलं की फोविझम समजायला फार काही उरत नाही.

युरोपातल्या चित्रशाळांमध्ये शतकानुशतकं एक रीत शिकवली जाई. आधी वस्तूचा मूळ रंग ठरवायचा. उजेड पडतो तिथे त्यात पांढरा मिसळायचा, सावली पडते तिथे तपकिरी किंवा काळा. म्हणजे रंग हा वस्तूचा गुणधर्म, आणि सावली म्हणजे तोच रंग काळवंडलेला. या रीतीने चेहरा हुबेहूब उतरतो, पण चित्राचा मोठा भाग मंद, मातकट होत जातो. सावलीच्या प्रत्येक जागी रंगाचा जीव थोडा कमी करावा लागतो.

मातीसने सावली ठेवली, तिचा रंग बदलला. हिरवी रेघ नेमकी तिथे आहे जिथे चेहऱ्याची उजेडाची बाजू संपून दुसरी सुरू होते. डोळे बारीक करून चित्राकडे पाहिलं की ती दोन उजळ गालांमधली गडद पट्टी होते आणि नाक वर येतं. किती गडद हवं, हे मातीसने चेहऱ्याकडून घेतलं. कोणता रंग हवा, हे चित्राकडून. आपला डोळा आकार ओळखताना गडद-फिक्यावर जास्त विसंबतो, म्हणून रंग कितीही अनपेक्षित असला तरी चेहरा मोडत नाही. हीच रेघ गालांपेक्षा फिकी झाली असती, तर नाकाचा उठाव गेला असता आणि चेहऱ्यावर नुसता एक पट्टा ओढल्यासारखा दिसला असता.

मग हिरवाच का? त्याचं उत्तर गालांत आणि भिंतीत आहे. मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ या गालिचे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळ्या लोकरीला पुरेसा काळेपणा येत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासल्यावर दिसलं की लोकरीचा रंग ठीक होता; शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे ती फिकी भासत होती. १८३९मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथ लिहिला. शेजारचा रंग बदलला की रंग बदलल्यासारखा दिसतो. आणि लाल-हिरवा, पिवळा-जांभळा अशा विरुद्ध जोड्या शेजारी ठेवल्या की दोन्ही रंग जास्त पेटून उठतात. गुलाबी गालाला हिरव्याने चेव येतो, पिवळ्याला जांभळ्याने. आमेलीच्या चेहऱ्यावर तपकिरी सावली घातली असती, तर गुलाबी निस्तेज दिसला असता.

मात्र याच जोड्या पॅलेटवर एकत्र कालवल्या, तर एकमेकींना मारतात आणि हाती येतो मळकट राखाडी. न मिसळलेल्या रंगाचा आग्रह इथून येतो. गुलाबी करायला पांढरा लागतोच, त्यामुळे मिसळणं अजिबात नव्हतं असं नाही. टाळलं ते विरुद्ध रंगांनी एकमेकांना मारणं आणि काळ्या-तपकिरीने रंग विझवणं.

१९०४च्या उन्हाळ्यात मातीस सँ-त्रोपेला पॉल सिन्याकच्या सहवासात होता. सिन्याक शुद्ध रंगाचे ठिपके शेजारी शेजारी देऊन चित्र करी. मातीसने ती पद्धत वापरून पाहिली, पण ती त्याला फार काळ मानवली नाही. ठिपके बारीक असले की लांबून पाहणाऱ्याच्या डोळ्यातच ते मिसळतात आणि पुन्हा राखाडीकडे झुकतात. पुढच्या उन्हाळ्यात तो स्पेनच्या सीमेजवळच्या कोलिऊर या मच्छीमारांच्या गावी गेला. सोबतीला पंचविशीतला आंद्रे दरँ आला. तिथे ठिपक्यांचे फटकारे झाले, फटकाऱ्यांचे सपाट तुकडे झाले, आणि मधून कॅनव्हासचा कोरा पांढरा दिसू लागला. ही मोकळी जागा आळसाने सुटलेली नाही. दोन कडक रंगांच्या मध्ये थोडा पांढरा राहिला की दोघांनाही श्वास मिळतो, कडा एकमेकींत चिकटत नाहीत. वॉशिंग्टनमधलं ‘उघडी खिडकी’ हे त्या उन्हाळ्यातलं चित्र पाहावं: खिडकीच्या एका बाजूची भिंत हिरवट निळी, दुसरीकडची गुलाबी, आणि बाहेर गुलाबी पाण्यावर शेंदरी डोलकाठ्यांच्या होड्या. त्याच जुलैत दरँने मित्र व्लामँकला पत्रातून कळवलं की इथल्या उन्हात सावलीसुद्धा प्रकाशाने भरलेली असते. सावली म्हणजे काळोख, ही समजूत त्याच्यापुरती संपली होती.

त्या शरद ऋतूत पॅरिसच्या सालों दोतोन प्रदर्शनात ही मंडळी एकाच दालनात मांडली गेली. मधोमध पारंपरिक वळणाचं एक शिल्प होतं. लुई व्होसेल या समीक्षकाने लिहिलं की दोनातेल्लो श्वापदांच्या तावडीत सापडला आहे. ‘फोव्ह’, म्हणजे हिंस्र श्वापदं, हे नाव तिथून चिकटलं. मातीसच्या ‘टोपीवाली बाई’ या चित्रापुढे लोक हसत. स्टाइन कुटुंबाने ते ५०० फ्रँकला घेतलं.

हसणाऱ्यांना वाटलं की रंग वाटेल तसा फासला आहे. माझ्या मते ही त्या चित्रांविषयीची सर्वांत चुकीची समजूत आहे, आणि ती आजही टिकून आहे. वस्तूशी असलेलं नातं तुटल्यावर रंगाला दुसरं, जास्त कडक नातं सांभाळावं लागतं. आकाश निळं रंगवताना चूक झाली तर खिडकीतून बाहेर पाहून दुरुस्त करता येते. आमेलीच्या नाकावरचा हिरवा बरोबर आहे की नाही, हे बाहेर कुठेही पाहून ठरत नाही.

१९०८मध्ये ‘एका चित्रकाराची टिपणं’ या लेखात मातीसने हे सविस्तर मांडलं. समोरच्या कपाटातून लाल रंगाची जाणीव होते, म्हणून तो कॅनव्हासवर लाल ठेवतो. शेजारी हिरवा येतो, जमीन पिवळी होते. पण प्रत्येक नवा रंग आधीच्याचं वजन कमी करतो, म्हणून सगळे पुन्हा तोलावे लागतात. शेवटी चित्र पार बदललेलं असू शकतं, हिरव्याच्या जागी लाल वरचढ झालेला असू शकतो.

फोव्ह मंडळींचा जोर तोवर ओसरला होता. ब्राक क्यूबिझमकडे वळला, दरँचे रंग पुढे पुन्हा मंद झाले. मातीस मात्र या तोलाच्या मागेच राहिला. मॉस्कोच्या सर्गेई श्चुकिन या व्यापाऱ्याने जेवणघरासाठी त्याच्याकडून एक मोठं चित्र घ्यायचं ठरवलं होतं. भिंत आणि टेबलावरची चादर दोन्ही निळ्या. चित्र पुरं झालं होतं, गिऱ्हाईक खूश होतं. तरी मातीसने १९०८मध्येच भिंत आणि चादर लाल रंगवून काढली. खिडकीबाहेरची हिरवी बाग तशीच राहिली, आणि लालाशेजारी ती आता झळाळते. श्चुकिनने लाल चित्र स्वीकारलं. ‘लाल सुसंवाद’ म्हणून ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे, आणि कॅनव्हासच्या कडेला अजून थोडा निळा दिसतो.