काठावरची काळी रेघ

प्रकाशाच्या व्यतिकरणासाठी थॉमस यंग यांना प्रकाशाचे दोन उगम लागले होते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले हम्फ्री लॉइड यांनी 1834 मध्ये एकावरच भागवले. दुसरा उगम त्यांना आरशातून मिळाला.

घरचा आरसा इथे चालत नाही. त्याची काच आणि मागचा मुलामा, दोन्हींवरून प्रकाश परततो. म्हणून मागून काळी केलेली सपाट काच घ्यायची आणि तिच्या पातळीपासून जेमतेम 1 मिलिमीटर वर एक बारीक फट ठेवायची. फटीतला काही प्रकाश थेट पडद्यावर जातो, काही काचेला घासून. घासून आलेला प्रकाश जणू काचेच्या 1 मिलिमीटर खाली असलेल्या प्रतिमेतून निघतो. म्हणजे 2 मिलिमीटर अंतरावर दोन उगम झाले. सोडियमचा पिवळा प्रकाश (तरंगलांबी 589 नॅनोमीटर) आणि फटीपासून 1 मीटरवर पडदा असेल, तर सुमारे 0.29 मिलिमीटरच्या अंतराने उजळ रेघा उमटतात. त्या भिंगातूनच पाहाव्या लागतात.

आता पडदा काचेच्या टोकाला टेकवा. तिथे फट आणि प्रतिमा अगदी सारख्या अंतरावर आहेत. लाटा जोडीने पोहोचायला हव्यात आणि रेघ सर्वांत उजळ हवी. दिसते मात्र काळी!

कारण प्रकाश परततानाच उलटतो. खिडकीच्या गजाला दोरी बांधून झटका द्या. वर गेलेला उंचवटा खालचा होऊन परत येतो, कारण बांधलेले टोक हलू शकत नाही. काचेला घासून जाणारा प्रकाश काचेत जवळजवळ शिरतच नाही, त्यामुळे पृष्ठभागावर एकूण कंपन जवळपास शून्य राहावे लागते. आलेली लाट आणि परतलेली लाट एकमेकींना पुसतील, तरच हे जमते. मग परतलेली लाट उलटीच हवी. काच जवळपास सगळाच प्रकाश परतवते, म्हणून दोन्ही लाटा तुल्यबळ असतात आणि काळोख खरोखर गडद होतो. फट बरीच वर नेली, तर परतणारा प्रकाश कमी पडतो आणि रेघा फिकटतात.

काचेची कड तुटकी असली तर ही रेघ विस्कटते, आणि शंका येते की ही नुसती कडेची सावली तर नाही? त्यावर एक नामी उपाय आहे. पांढरा प्रकाश वापरा आणि थेट येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत अभ्रकाचा पातळ पापुद्रा धरा. तो प्रकाश थोडा मागे पडतो आणि सगळ्या रेघा काठापासून वर सरकतात. मधली रेघ आता कडेपासून दूर, तरीही काळीच असते. तिच्या दोन्ही बाजूंना रंगीत रेघा दिसतात.

1946 मध्ये सिडनीजवळच्या डोव्हर हाइट्सच्या सुमारे 85 मीटर उंच कड्यावरून रुबी पेन-स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उगवत्या सूर्याच्या रेडिओलहरी याच युक्तीने मोजल्या. अँटेना एकच होता. आरसा म्हणून समोर समुद्र होता.