वेग ऐंशीचा, कस पन्नास मिनिटांचा

लघुलेखकाच्या भरतीची जाहिरात निघाली की उमेदवाराच्या नजरेत पहिला भरतो तो वेग. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेसारख्या कार्यालयांत लघुटंकलेखकाला मिनिटाला ८०, निम्नश्रेणी लघुलेखकाला १०० आणि उच्चश्रेणीला १२० शब्द लागतात. सोबत टंकलेखनाचे प्रमाणपत्र, इंग्रजी ४० किंवा मराठी ३० शब्दांचे. मालवण-कुडाळकडची मुले ओरोसच्या कार्यालयांवर डोळा ठेवून याच आकड्यांमागे धावतात. पण माझे मत असे की या परीक्षेत उमेदवार सहसा वेगात पडत नाही, लिहिलेले परत वाचण्यात पडतो. आणि परीक्षेचे नियमच याचा पुरावा देतात.

केंद्र सरकारच्या कर्मचारी निवड आयोगाची, म्हणजे एसएससीची, कौशल्य चाचणी पाहा. ‘ड’ श्रेणीसाठी ८० शब्दांच्या गतीने दहा मिनिटे डिक्टेशन, म्हणजे ८०० शब्द. ते संगणकावर उतरवायला इंग्रजीत ५० मिनिटे मिळतात. भागाकार केला तर मिनिटाला फक्त १६ शब्द. इंग्रजी टंकलेखनाची आपली साधी परीक्षा ४० शब्दांची असताना इतका सैल वेळ कशासाठी? टाइप करायला एवढा वेळ लागत नाही. तो लागतो रेषा ओळखायला. ‘क’ श्रेणीत १०० शब्दांच्या गतीने १००० शब्द आणि ४० मिनिटे, म्हणजे मिनिटाला २५ शब्द. वरच्या श्रेणीत बोलण्याची गती सव्वापट झाली, पण उतरवण्याची दीडपटीहून अधिक. वरच्या पदासाठी आयोगाने जास्त आवळला आहे तो वाचनाचा वेळ.

रेषा वाचणे अवघड का, हे समजायला आयझॅक पिटमनच्या १८३७ च्या पद्धतीचा गाभा पुरे. लिहायची ती व्यंजने. स्वर बहुधा गाळायचे आणि शब्द ओळीच्या वर, ओळीवर की ओळ छेदून लिहिला आहे यावरून ताडायचे. प आणि ब यांची रेषा एकच, बारीक काढली तर प, दाबून काढली तर ब. घाईत हाताचा दाब बदलला की शब्द बदलतो. इंग्रजीतले ‘प्रॉसिक्यूट’ आणि ‘पर्सिक्यूट’, एक खटला भरणे तर दुसरे छळणे, यांची व्यंजने त्याच क्रमाने येतात, म्हणून त्यांना मुद्दाम वेगळी रूपे शिकवतात. ती ज्याने घोटली नाहीत त्याने ऐकताना काहीच चुकवलेले नसते, तरी कागदावर आरोपी छळला जातो. गावांच्या नावांना तर मागच्यापुढच्या वाक्याचाही आधार नसतो; तारकर्ली किंवा कोळंब लिहिताना स्वर घालायची सवयच हवी.

आता चुकांचा हिशेब. शब्द गाळणे, एकाऐवजी दुसरा लिहिणे, नसलेला घुसडणे या पूर्ण चुका. स्पेलिंग किंवा एकवचन-अनेकवचन चुकणे ही अर्धी. पूर्ण चुकांत अर्ध्यांची निम्मी संख्या मिळवायची आणि उताऱ्यातल्या शब्दांशी टक्केवारी काढायची. ‘ड’ श्रेणीत खुल्या प्रवर्गाला अनेक वर्षे सात टक्क्यांची मर्यादा राहिली आहे, म्हणजे ८०० शब्दांत ५६ चुका. समजा, एखाद्याचे २२ शब्दांचे एक वाक्य सुटले, आणखी १५ शब्द चुकले आणि ३० किरकोळ चुका झाल्या. बावीस, पंधरा आणि पंधरा मिळून ५२, म्हणजे साडेसहा टक्के. पास! तोच उमेदवार उतरवताना आणखी पाच रेषा चुकीच्या वाचेल तर ५७, आणि नापास. सुटलेल्या वाक्याच्या जागी मनाने २२ शब्द रचले तरी फायदा नाही, कारण चुकीचे शब्दही पूर्ण चुकाच. पंचवीस रचले तर तीन वाढीव चुका पदरात.

यावर कोणी म्हणेल, ते २२ शब्द तर वेगामुळेच गेले. खरे आहे, पण बहुतेक वेळा एका अनोळखी शब्दावर हात अडखळतो आणि उमेदवार त्याचे रूप शोधत बसतो म्हणून पुढचे वाक्य निसटते. गतीचा सराव वाढवून हे सुटत नाही, शब्दसंग्रहाने सुटते. दुसरा आक्षेप असा की सात टक्के चुकांच्या पत्रावर कोणता साहेब सही करील? कोणीच नाही. पण कार्यालयात स्टेनोला विषय माहीत असतो आणि विचारायची सोय असते. परीक्षेत अनोळखी उतारा एकदाच कानावर पडतो.

मराठी उमेदवाराची अडचण मात्र वेगळी. आयोगाची चाचणी इंग्रजी किंवा हिंदीतच होते. हिंदीला ‘ड’ श्रेणीत उतरवायला ६५ मिनिटे दिली आहेत, पण ऐकण्याची गती तीच ८०. आपल्या राज्यातही टंकलेखनात मराठीला १० शब्दांची सूट आहे, लघुलेखनात नाही. वास्तविक इंग्रजीत ‘ऑफ द हाउस’ असे तीन शब्द मोजले जातात तिथे मराठीत ‘घराचा’ हा एकच. म्हणजे शंभर मराठी शब्दांत मजकूर जास्त भरतो. शिवाय स्वर गाळला की ‘घराचा’, ‘घराची’ आणि ‘घराचे’ सारखेच दिसू लागतात, आणि कोणता प्रत्यय ते पुढचे नाम वाचून ठरवावे लागते. मराठीच्या परीक्षेत शब्दांऐवजी अक्षरे मोजून गती ठरवली, तर दोन्ही भाषांच्या उमेदवारांना सारखेच ओझे पडेल.