‘फॉर्म पुढे जात नाही’: तक्रारीचा बग रिपोर्ट कसा होतो

‘पत्ता भरला तरी फॉर्म पुढे जात नाही.’ वाचनालयाच्या ऑनलाइन सभासद नोंदणीबद्दल अशी तक्रार आली, तर ती खरी असूनही प्रोग्रामरला तिचा फारसा उपयोग नसतो. तो स्वतःच्या संगणकावर फॉर्म भरून पाहतो, फॉर्म सुरळीत पुढे जातो आणि ‘आमच्याकडे चालतंय’ असे उत्तर मिळते. तक्रारदाराने केले आणि प्रोग्रामरने केले नाही, असे नेमके काय, हे शोधणे हे बग रिपोर्ट लिहिणाऱ्याचे पहिले काम.

त्यासाठी तक्रारदाराला साधे प्रश्न विचारायचे: कोणत्या रकान्यात काय भरले, ते कसे भरले, आणि पडद्यावर कोणती अक्षरे उमटली? इथे उत्तर मिळते, की पिनकोड मराठी पत्रातून कॉपी करून चिकटवला होता आणि त्याखाली ‘सहा अंकी पिनकोड भरा’ असा लाल मजकूर आला. अंक तर सहाच होते. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. बाकी माहिती तीच ठेवून ‘४११०३०’च्या जागी ‘411030’ लिहिले, की फॉर्म पुढे जातो. ब्राउझर बदलला तरी फरक पडत नाही. म्हणजे ब्राउझरचा संबंध नाही. फरक अंकांच्या लिपीचा आहे. युनिकोडमध्ये ‘४’ आणि ‘4’ ही दोन वेगळी चिन्हे आहेत.

आता रिपोर्ट असा लिहिता येतो:

शीर्षक: देवनागरी अंकांतला पिनकोड नोंदणी फॉर्म नाकारतो

पायऱ्या:
1. नोंदणीचा फॉर्म उघडा.
2. पिनकोड सोडून सर्व रकाने भरा.
3. पिनकोडच्या रकान्यात `४११०३०` चिकटवा.
4. ‘पुढे’ हे बटण दाबा.

अपेक्षित परिणाम: पिनकोड स्वीकारला जाऊन पुढचे पान उघडावे.

प्रत्यक्ष परिणाम: ‘सहा अंकी पिनकोड भरा’ असा संदेश येतो, पान तेच राहते. `411030` लिहिल्यास पुढचे पान उघडते.

सोबत ब्राउझरचे नाव, आवृत्ती आणि पडद्याचे चित्र जोडावे.

प्रत्यक्ष परिणामात फक्त दिसलेले लिहायचे. ‘तपासणीचा कोड फक्त 0 ते 9 हीच चिन्हे ओळखत असावा’ हा तर्क बरोबर असू शकतो, पण तो ‘अंदाज’ म्हणून वेगळा नोंदवावा. नाहीतर तो चुकला की शोधही चुकीच्या दिशेने जातो. अपेक्षित परिणामालाही आधार लागतो. फॉर्म मराठीत असेल, तर मराठी अंक चालावेत ही अपेक्षा रास्त आहे. मात्र फक्त इंग्रजी अंक घ्यायचे असे आधीच ठरले असेल, तर दोष नकारात नसून दिशाभूल करणाऱ्या संदेशात आहे, आणि ‘पिनकोड इंग्रजी अंकांत भरा’ असा संदेश यावा, हा अपेक्षित परिणाम ठरतो.

रिपोर्ट पाठवण्यापूर्वी या पायऱ्या दुसऱ्या कोणाकडून तरी करून घ्याव्यात. काहीही न विचारता त्याला तोच लाल संदेश दिसला, तर रिपोर्ट पूर्ण झाला. ‘पण पिनकोड टाइप करू की चिकटवू?’ असे त्याला विचारावे लागले, तर तेवढी पायरी अजून लिहायची राहिली आहे.