सुरीवरची नक्षी: थरांची की लेझरची?

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या निर्मळहून गोदावरी ओलांडली की कोनसमुद्रम लागतं. तिथलं मुशीतलं पोलाद न्यायला इराणचे व्यापारी येत. दमास्कसच्या तलवारींचं नाव झालं ते अशाच पोलादावर. त्यात थर नव्हते. मुशीत सावकाश थंड होताना आणि पुढे ठोकताना आतले कार्बाइड ओळीने जमत, तीच नक्षी.

मोबाइलवर ‘दमास्कस’ म्हणून विकली जाते ती स्वयंपाकाची सुरी वेगळी. दोन जातींचं पोलाद एकावर एक रचून, तापवून, दाबून जोडतात. ‘६७ थर’ म्हणजे बहुतेकदा मधे कडक पोलादाचा साधा गाभा आणि दोन्ही बाजूंना ३३-३३ थर. मग पातं आम्लात बुडवतात. निकेल असलेला थर चकचकीत राहतो, दुसरा काळवंडतो. म्हणजे आम्ल खऱ्या सुरीलाही लागतंच. फसवणूक होते ती एकसंध पात्यावर छाप ठेवून आम्लाने किंवा लेझरने रेघा काढल्या की.

फोटोत आधी धारेकडे बघा. पातं धारेकडे घासून पातळ करताना बाहेरचे थर संपतात आणि गाभा उघडा पडतो. त्यामुळे खऱ्या सुरीत नक्षी धारेच्या थोडं वर संपते, आणि तिथली सीमा वेडीवाकडी असते, कारण जोडताना थर कुठे जास्त दबलेले असतात, कुठे कमी. लेझरची नक्षी पट्टीने आखल्यासारखी सरळ थांबते, नाहीतर थेट धारेच्या टोकापर्यंत जाते. पण गाभा नसलेल्या, सगळंच पातं थरांचं असलेल्या सुरीतही नक्षी टोकापर्यंत जाते. म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये.

मग पात्याची पाठ आणि मुठीजवळची टाच बघा. थर आरपार असतील तर पाठीवर लांबीच्या दिशेने बारीक रेघा दिसतात. समजा, बाजूने लाटा दाट आहेत, धारेच्या उतारावरही त्यांची जाडी तसूभर बदलत नाही, आणि पाठ आरशासारखी कोरी आहे: ती नक्षी वरवरची धरायला हरकत नाही. खऱ्या थरात उतार बदलला की रेघांमधलं अंतर बदलतं. पाठ नुसती पॉलिश केली असेल तर मात्र खऱ्या रेघाही झाकल्या जातात.

जाहिरातीचा फोटो बहुधा एकच, सगळ्यांना दाखवायला. म्हणून दोन गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो शेजारी ठेवा. दोन्ही सुऱ्यांवर तीच लाट, तोच भोवरा, त्याच जागी आला तर ती छापच. हाताखालून गेलेले थर असे जुळत नाहीत.

एवढं करूनही कळतं ते थरांचं. धार टिकेल की नाही, हे गाभ्याचं पोलाद आणि त्याला दिलेलं पाणी ठरवतं, आणि ते फोटोत येत नाही.