*पगाराची फाईल: खाते नंबरचा शेवटचा आकडा तपासा*



ज्यांचं दूध संकलन केंद्र, रोपवाटिका किंवा पॅकहाऊस आहे आणि चार-सहा माणसं महिन्याच्या पगारावर आहेत, त्यांच्यासाठी आजचा मेसेज. चालू खात्यावरून सगळ्यांचे पगार एकाच फाईलने टाकता येतात. बँकेच्या नेट बँकिंगमधून 'बल्क पेमेंट'चा नमुना उतरवून घ्यायचा, एका ओळीत एक माणूस भरायचा आणि फाईल चढवायची. नमुना प्रत्येक बँकेचा वेगळा असतो, म्हणून दुसऱ्याची फाईल मागून वापरू नका.

खरी गडबड होते ती एक्सेलमध्ये. इंदापूर तालुक्यातल्या एका दूध केंद्राचं उदाहरण धरू. पाच माणसं आहेत. दोघांना १२,००० प्रत्येकी, एकाला ११,५००, एकाला १०,०००, आणि टेम्पो चालवणाऱ्याला १४,५००. त्याने २,००० उचल घेतलीय, म्हणजे त्याच्या ओळीत १२,५०० लिहायचे. एकूण ५८,००० होतात. हा आकडा आधी वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता टेम्पोवाल्याचा खाते नंबर १६ आकडी आहे. एक्सेल फक्त १५ आकडे नीट धरतं, त्यापुढच्या आकड्याचं शून्य करतं. १२ किंवा जास्त आकडे असले तर नंबर आखडून दाखवतं. तशीच फाईल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली, की जे दिसतं तेच फाईलमध्ये जातं:

```
टाईप केला    : 1234567890123456
एक्सेलने धरला : 1234567890123450
फाईलमध्ये गेला : 1.23457E+15
```

नंबर शून्याने सुरू होत असेल तर पुढचं शून्यही गळतं.

*उपाय:* नंबर टाईप करायच्या *आधी* तो रकाना निवडा, `Format Cells` मध्ये जाऊन `Text` करा, मगच नंबर भरा. आधी भरून नंतर `Text` केलं तर गेलेला आकडा परत येत नाही, पासबुक बघून पुन्हा भरावा लागतो. सीएसव्ही केल्यावर ती फाईल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. उघडून सेव्ह केली की पुन्हा तेच होतं. तपासायची असेल तर नोटपॅडमध्ये उघडा. कुठे `E+` दिसलं, किंवा १६ आकडी नंबर शून्याने संपत असेल, तर पासबुकाशी ताडून बघा.

एवढी काळजी का? एनईएफटीत पैसे खाते नंबरावर जमा होतात, नाव जुळतंय का ते बघून नाही. चुकीचा नंबर कुणाचाच नसेल तर पैसे परत येतात. पण तो दुसऱ्या कुणाचा निघाला तर त्याच्याकडे जातात, आणि मग बँकेत अर्ज करत बसावं लागतं. एप्रिल २०२५ पासून नवीन खातं जोडताना खातेदाराचं नाव दाखवायची सोय बँकांना द्यायला सांगितली आहे. ते नाव वाचा. नवीन माणूस असेल तर आधी १ रुपया पाठवा, त्याला मिळाला का विचारा, मगच फाईलमध्ये घ्या. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो आणि पाचव्या जागी नेहमी शून्य असतं, इंग्रजी 'ओ' नाही. बँकेचं विलीनीकरण झालं असेल तर नवीन पासबुकावरचा कोड घ्या.

फाईल चढवल्यावर स्क्रीनवर ओळींची संख्या आणि एकूण रक्कम दिसते. ५ ओळी, ५८,००० असं वहीशी जुळलं तरच मंजुरी द्या. जमलं तर फाईल एकाने भरावी, मंजुरी दुसऱ्याने द्यावी.

एनईएफटी आता रात्री आणि सुट्टीलाही, दर अर्ध्या तासाने चालते. न जमा झालेले पैसे त्या फेरीनंतर दोन तासांत परत यायला हवेत. म्हणून स्क्रीनवर 'यशस्वी' दिसलं तरी संध्याकाळी खात्याचा उतारा बघा. एखादी रक्कम परत आली असेल तर *फक्त त्याच माणसाची* नवीन फाईल करा. जुनी अख्खी फाईल पुन्हा चढवली तर बाकी चौघांना दुप्पट पगार जाईल, आणि तो माघारी मागायची पाळी तुमच्यावर येईल. नेट अडकलं आणि काय झालं कळेना, तरी आधी उतारा बघा, मग हात लावा.

पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो. म्हणून फाईल ३-४ तारखेलाच चढवा, म्हणजे एखादी ओळ परत आली तरी दुरुस्तीला दोन दिवस हातात राहतात.

ज्यांनी मागच्या महिन्याची फाईल जपून ठेवलीय, त्यांनी आजच ती नोटपॅडमध्ये उघडून बघा.

आपला,
कृषी सल्लागार
बारामती-इंदापूर सभासद गट