ओटीपी, गूगल की पासवर्ड?

ॲपमध्ये खाते उघडताना बहुधा तीन वाटा समोर येतात: मोबाइल क्रमांक टाकून आलेला ओटीपी भरणे, Continue with Google सारखे बटण दाबणे, किंवा ईमेल आणि पासवर्ड ठरवणे. आलेली व्यक्ती खातेदारच आहे याची खात्री ॲपला हवी असते. फरक पडतो तो ही खात्री कोणाच्या भरवशावर मिळते यात. ओटीपीत भरवसा मोबाइल क्रमांकाचा, गूगलच्या बटणात गूगल खात्याचा. पासवर्ड वरकरणी खातेदाराच्याच हाती असतो. पण तो विसरला की नवा ठरवण्याची लिंक ईमेलवर जाते, म्हणजे तिथेही खरा ताबा ईमेलचाच.

भारतात सर्वांत रुळलेली वाट ओटीपीची. काही पाठ करावे लागत नाही आणि कोड थोड्या मिनिटांत निकामी होतो. सहा आकड्यांच्या दहा लाख जुळण्या होतात; चार-पाच चुकांनंतर ॲपने दार बंद केले, तर अंदाजाने कोड सापडणे जवळजवळ अशक्य. कच्चा दुवा वेगळाच आहे. तो क्रमांक या घडीला कोणाकडे आहे, एवढेच ओटीपी सांगतो. क्रमांक मूळ माणसाकडेच आहे का, हे त्याला कळत नाही.

दोन सिम वापरणाऱ्या एखाद्याने जुन्या सिमचा रिचार्ज थांबवला असे धरू. यथावकाश तो क्रमांक बंद होतो. बंद झालेला क्रमांक निदान 90 दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असे ट्रायने 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले होते. त्यानंतर मात्र तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. या नव्या ग्राहकाने किराणा मागवण्याचे ॲप उतरवले, स्वतःचा क्रमांक टाकला, ओटीपी आला, आणि उघडले ते आधीच्या माणसाचे खाते: घरचा पत्ता, जुन्या ऑर्डरी, वॉलेटमधली शिल्लक. कोणी काही फोडले नाही, कोणी फसवलेही नाही. म्हणून सिम सोडण्याआधी, ते चालू असतानाच, प्रत्येक ॲपच्या प्रोफाइलमध्ये आणि ईमेल खात्याच्या ‘रिकव्हरी फोन’मध्ये नवा क्रमांक घालावा. अनेक ॲप क्रमांक बदलताना जुन्या क्रमांकावरही ओटीपी पाठवतात. सिम गेल्यावर हे काम फार जिकिरीचे होते.

मुद्दाम केलेली चोरीही याच दुव्यावर चालते. दुसऱ्याच्या नावाने ‘सिम हरवले’ असे सांगून त्याच क्रमांकाचे नवे सिम काढले जाते. आजूबाजूच्यांना रेंज आहे आणि आपल्याच फोनचे नेटवर्क अचानक, बराच वेळ गेले, ही त्याची पहिली खूण. अशा वेळी दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला आणि बँकेला लगेच कळवावे.

गूगलच्या बटणाचा मोठा फायदा असा, की ॲपला पासवर्ड कधीच दिसत नाही. गूगल स्वतःच्या पानावर ओळख पटवते आणि ॲपला फक्त तसा डिजिटल दाखला देते. ते पान खरे आहे का, हे पाहायला हवे: ब्राउझरमध्ये पत्ता accounts.google.com असावा. अडचण अशी, की हे एक खाते दुसऱ्याच्या हाती गेले किंवा बंद पडले, तर त्यावर टांगलेली सगळी खाती धोक्यात येतात. 2018मध्ये फेसबुकवरील कोट्यवधी खात्यांचे डिजिटल दाखले चोरीला गेले, तेव्हा फेसबुकद्वारे उघडलेल्या इतर ॲपांचीही चिंता उभी राहिली होती.

पासवर्ड बदनाम झाला तो पुनर्वापरामुळे. एका छोट्या दुकानाच्या संकेतस्थळावरून फुटलेली ईमेल-पासवर्डची जोडी चोरटे यंत्राच्या मदतीने शेकडो ठिकाणी लावून पाहतात. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवला की हा मार्ग खुंटतो, पण इतके पासवर्ड लक्षात राहत नाहीत. त्यासाठी पासवर्ड मॅनेजर हवा. फोनच्या ब्राउझरमध्ये तो असतोच. त्याचा आणखी एक गुण फारसा ओळखला जात नाही. बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल समोर आली, तरी पत्ता जुळत नसल्याने तो पासवर्ड आपणहून भरत नाही. नेहमी भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर तिथेच थांबून पत्ता वाचावा. ओटीपीला असे संरक्षण नाही. नकली पानावर टाकलेला कोड चोरटा त्याच मिनिटाला खऱ्या पानावर वापरतो.

किरकोळ कामाच्या ॲपसाठी गूगलचे बटण पुरेसे आहे. पैशाच्या व्यवहाराला एकट्या ओटीपीवर विसंबू नये. सोबत पासवर्ड किंवा पिन असावा. सर्वांत कडक बंदोबस्त हवा तो ईमेलला, कारण बाकीच्या वाटा बहुतेक तिथेच येऊन मिळतात: इतरत्र कुठेही न वापरलेला लांब पासवर्ड, आणि दुसऱ्या पायरीला एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप. त्याचा कोड फोनमध्येच तयार होतो, त्यामुळे कोणी त्या क्रमांकाचे नवे सिम काढले तरी तो त्याच्याकडे जात नाही. फोनच हरवला तर उपयोगी पडणारे बॅकअप कोड मात्र आधीच कागदावर उतरवून ठेवावे लागतात.